एक केबीची पुस्तकं

पेन ड्राइव्हला हळदकुंकू लावलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. स्टीलचं ताट, ताटात रेशमी रुमाल, रुमालावर तो बोटभर पेन ड्राइव्ह, बाजूला नारळ आणि चिमूटभर अक्षता. आमच्याकडे खंडेनवमीला ऑफिसातल्या कॉम्प्युटरला हार घालतात, झेरॉक्स मशीनपुढे नारळ फोडतात, त्याचं मला कधी काही वाटलं नाही. यंत्रावर पोट चालणाऱ्या गावाची ती रीत आहे. भवानी पेठेत माझ्या घराभोवती माग खडखडायचे, तेव्हा त्यांचीही पूजा व्हायची. पण त्या दिवशी ताटातल्या वस्तूत नेमकं काय आहे हे एकाही माणसानं उघडून पाहिलं नव्हतं, आणि ओवाळणी मात्र झाली. 

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला माझ्या वर्गात एक मुलगी होती, जन्मापासून दृष्टी नसलेली. सांगोल्याच्या पलीकडच्या कोरड्या पट्ट्यातलं गाव, घरी मेंढरं आणि थोडी जमीन. इथं वसतिगृहात राहायची. तिच्याकडे एक जुना लॅपटॉप होता आणि त्यात पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. त्याचा आवाज ती इतका वेगात पळवायची की मला त्यातला एक शब्द कळत नसे. "अगं, एवढं भरभर तुला समजतं तरी का?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मॅडम, तुमीच वर्गात लई सावकाश बोलता की."

अशी ती. गरीब बिचारी वगैरे काही नाही. हुशार, तिखट, आणि कुणी हात धरून रस्ता ओलांडून द्यायला आलं की आधी "कोण हाय?" असं दरडावून विचारणारी. तिला एम.ए. करायचं होतं. घरच्यांनी एकच सांगितलं होतं: चांगल्या मार्कांनी सुटलीस तर शिक, नाहीतर घरी ये. तिचं सगळं त्या शेवटच्या परीक्षेवर अवलंबून होतं.

अडचण पुस्तकांची होती. आमची पुस्तकं छापील. पानांचे फोटो काढून दिले तर तिच्या प्रोग्रॅमला ती नुसती चित्रं दिसायची आणि तो गप्प बसायचा. म्हणून आम्ही ठरवलं, टाइप करून द्यायचं. मी, दोन सहकारी, तिच्या वर्गातल्या काही मुली आणि माझ्या शेजारच्या बाई. या बाईंचं घर मागवाल्यांचं, घरात तेलुगू बोलतात, पण मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ. त्या स्वयंपाक करता करता पुस्तक ओट्यावर उभं करून मोबाईलला मजकूर सांगायच्या आणि मोबाईल टाइप करायचा. मध्येच "गॅस बंद कर" असंही त्यात उमटायचं, ते मी संध्याकाळी काढून टाकायची.

इतक्या जणांनी वेगवेगळ्या घरांतून एकच काम करायचं, म्हणून आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर सरांनी मार्ग काढला. कॉम्प्युटर सर म्हणजे लॅब, वेबसाइट, निकाल, प्रोजेक्टर, सगळं ज्यांच्या हाती आहे असे गृहस्थ. त्यांनी कॉलेजच्या खात्यावर एक फोल्डर केला आणि आम्ही सगळ्यांनी त्यात ऑनलाइन डॉक्युमेंट उघडून टाइप करायला सुरुवात केली. मी इथं ओळ लिहिली की शेजारच्या बाईंना त्यांच्या ओट्यावर दिसायची. ही सोय खरोखर छान होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या फोल्डरची एक प्रत सरांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर आपोआप उतरत असे. आम्ही घरी नवं प्रकरण सुरू केलं की त्यांच्या फोल्डरात त्या नावाची फाइल हजर. सर कौतुकानं म्हणायचे, "मॅडम, सगळं सिंक होतंय. काळजीच करू नका."

दिवाळीनंतर काम संपलं. मला वाटलं, आता मुलीला बोलावून सगळं तिच्या लॅपटॉपवर टाकू आणि चहा पिऊ. पण बातमी वर गेली होती. संस्थेच्या अध्यक्षांना दिव्यांगांसाठी काहीतरी केल्याचं दाखवायचंच होतं. लगेच मंडप, बॅनर, बॅनरवर अध्यक्षांचा हसरा फोटो. मुलीचा फोटोही होता, कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. टाइप करणाऱ्या शेजारच्या बाईंना निमंत्रण नव्हतं. मी त्यांना बरोबर घेऊन गेले आणि मागच्या रांगेत बसवलं.

व्यासपीठावर कॉम्प्युटर सरांनी प्रात्यक्षिक केलं. मोठ्या पडद्यावर त्यांनी तो फोल्डर दाखवला. सगळी प्रकरणं एकाखाली एक, नावांसकट. त्यांनी माउसनं अख्खा फोल्डर उचलला आणि पेन ड्राइव्हवर टाकला. डोळ्याचं पातं लवायच्या आत कॉपी झाली. "बघा," ते माइकवर म्हणाले, "अख्ख्या वर्षाचा अभ्यासक्रम एका क्षणात!" टाळ्या. अध्यक्षांनी मान हलवली, जणू त्यांनीच ढकललं. मीही टाळ्या वाजवल्या. मग ते ताट आलं, हळदकुंकू झालं, मुलीच्या खांद्यावर शाल पडली, आणि तिचं तोंड कॅमेऱ्याकडे वळवण्यासाठी कुणीतरी तिची हनुवटी धरून फिरवली. त्या क्षणी मला पहिल्यांदा किळस आली. पण म्हटलं, जाऊ दे, पुस्तकं तर मिळाली.

अभ्यासाची सुट्टी लागली, वसतिगृह रिकामं झालं आणि ती गावी गेली. तिच्या गावात नेट नाही म्हटलं तरी चालेल. पाण्याच्या टाकीखाली उभं राहिलं तर फोन लागतो, तोही वारा बरा असेल तर. चार दिवसांनी तिथूनच तिचा फोन आला.

"मॅडम, आत काहीच न्हाय."

"कशाच्या आत?"

"पेन ड्राइव्हच्या. नावं सगळी वाचतोय. प्रकरण एक, प्रकरण दोन. एंटर केलं की इचारतोय, ही फाइल कशानं उघडायची. कशानंबी उघडंना."

मी तडक कॉम्प्युटर सरांकडे गेले. ते खुर्चीत मागे रेलले. "अहो मॅडम, सगळ्यांसमोर कॉपी केलंय ना? फाइली आहेत ना त्यात? तिला उघडता येत नसेल." मग आवाज खाली आणून, फार समजूतदारपणे, "शेवटी दिसत नाही ना तिला."

शिसारी म्हणतात ती हीच. जी मुलगी न बघता तो लॅपटॉप यांच्यापेक्षा झपाट्यानं चालवते, तिच्याबद्दल हा माणूस सहानुभूतीच्या सुरात हे बोलत होता.  टाकीखाली पुन्हा फोन लागेपर्यंत वाट पाहिली आणि तिला लॅपटॉप घेऊन बोलावलं.

ती वडिलांबरोबर एसटीनं आली. वडील दारातच उभे राहिले, पटका हातात. "बाई, पोरगी चार दिस जेवली न्हाय नीट," ते म्हणाले. "म्हनती, माजंच चुकतंय. आमाला त्यातलं काय कळतंय? तुमी बगा."  तिनं स्वतःला दोष दिला होता. ज्यांचं चुकलं होतं, ते तिकडे वर्तमानपत्रातली कात्रणं फाइलला लावत होते.

स्टाफरूमच्या टेबलावर आम्ही लॅपटॉप उघडला. मी एका फाइलवर उजवी कळ दाबून तिची माहिती काढली. आकार: एक केबी. दुसरी: एक केबी. साठ पानांचं प्रकरण, तेही एक केबी. नुसत्या मजकुराचं मराठी पान म्हटलं तरी त्याहून मोठं भरतं, एवढं मलाही ठाऊक होतं.

"मी एक फाइल नोटपॅडमध्ये उघडलीती," ती म्हणाली. "ऐकवू?"

तिनं आवाज माझ्यासाठी हळू केला. यंत्र वाचू लागलं. महिरपी कंस. अवतरणचिन्ह. इंग्रजीत ताकीद, की या फाइलमध्ये फेरफार करू नका. मग इंग्रजी अक्षरं आणि आकडे यांची एक लांबलचक, अर्थ नसलेली माळ. शेवटी आमच्या कॉलेजचा ईमेल. पुन्हा महिरपी कंस. संपलं. आमचं कित्येक महिन्यांचं टाइपिंग, बाईंचा ओटा, पुसून टाकलेला गॅस, त्यातलं एक अक्षर तिथं नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ऑनलाइन डॉक्युमेंट त्या सेवेच्या दूरच्या कॉम्प्युटरवर राहतं, आणि तिथंच राहतं. आपल्या फोल्डरात दिसते ती फाइल म्हणजे नुसती दुकानाची पाटी, माल दुकानात. ती अक्षरांची माळ म्हणजे डॉक्युमेंटचा क्रमांक. फाइलवर टिचकी मारली की ब्राउझर तो क्रमांक घेऊन नेटवरून ते डॉक्युमेंट आणून दाखवतो. नेट असेल आणि खात्यात शिरायची परवानगी असेल, तरच. म्हणूनच ती कॉपी क्षणात झाली होती. पाट्याच उचलल्या होत्या, त्यांना वजन किती असणार!

"एक फाइल मात्र उघडली," मुलगी म्हणाली. "पयल्यापासून शेवटपर्यंत वाचली त्यानं."

"कुठली?"

"अध्यक्षसाहेबांचा शुभेच्छा संदेश."

तो संस्थेच्या ऑफिसात साध्या वर्डमध्ये टाइप केलेला होता. खरीखुरी फाइल, म्हणून खरीखुरी कॉपी झाली. माळावरच्या त्या घरात चार दिवस पोरीनं इतिहास ऐकायला कान लावला, आणि तिला ऐकू आलं काय, तर 'ज्ञानाचा प्रकाश तुमच्या जीवनात उजळो'. 

कॉम्प्युटर सरांना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आम्हाला त्यांच्या टेबलाशी नेलं. "हे पाहा," म्हणत फोल्डरातल्या त्याच फाइलवर टिचकी मारली. ब्राउझर उघडला आणि प्रकरण डौलानं समोर आलं. "उघडतंय की! काय बिघडलंय?"

"नेटची वायर काढा," मी म्हणाले.

"कशाला?"

"काढा."

त्यांनी काढली. दुसऱ्या प्रकरणावर टिचकी. ब्राउझर म्हणाला, इंटरनेट जोडलेलं नाही. सरांनी परत टिचकी मारली. पुन्हा तेच. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा शंका आली. पण लाज आली नाही. ते म्हणाले, "हां, म्हणजे नेट लागतं. मग तिनं नेट घ्यावं ना."

"मेंढरांच्या वाड्यात?" मी विचारलं.

"ऑफलाइनचीही सोय असते, मॅडम. सेटिंग चालू करायचं असतं."

सोय असते, हे खरं. पण ती आधी नेट असताना चालू करावी लागते, आणि ज्या ब्राउझरवर, ज्या खात्यानं चालू केली, तिथंच चालते. पेन ड्राइव्हवर घालून ती सांगोल्यापलीकडे जात नाही. हे सरांना माहीत नव्हतं अशातला भाग नाही. त्यांना फक्त त्यांच्या टेबलापलीकडे काही असतं हे सुचत नव्हतं. आणि खरा उपाय किती सोपा होता! नेटवर जाऊन तो अख्खा फोल्डर डाउनलोड करायचा. तसं केलं की प्रत्येक डॉक्युमेंटची वर्डची फाइल होऊन खाली येते, मजकुरासकट. मग नेट असो वा नसो.

ते मीच तिथं बसल्या बसल्या केलं असतं. पण कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरांनी आम्हा टाइप करणाऱ्यांची परवानगी काढून घेतली होती. आता आम्हाला ते नुसतं पाहता येत होतं. डाउनलोड बंद, छपाई बंद, मजकूर उचलणंसुद्धा बंद. "कोणी बिघडवू नये म्हणून," ते म्हणाले. आमचं आम्हीच बिघडवू, ही भीती.

"तुमच्या खात्यातून करा ना मग. आत्ता करा. पोरगी इथं बसली आहे."

सर की-बोर्डवरून हात काढून घेत म्हणाले, "प्राचार्यांना विचारावं लागेल. अध्यक्षांच्या हस्ते वाटप झालेलं आहे, मॅडम. परस्पर कसं बदलणार?"

प्राचार्य मितभाषी गृहस्थ. त्यांनी मुलीला बसायलाही सांगितलं नाही. तिला खुर्ची मी ओढून दिली. सगळं ऐकून ते माझ्याकडेच पाहत बोलले. "बातमी छापून आली आहे. अहवालही वर पाठवला आहे. आता पेन ड्राइव्ह रिकामा होता असं झालं, तर संस्थेची शोभा होईल."

"रिकामा होताच," मी म्हणाले.

"रिकामा कसा? फाइली होत्या ना?" हे ते अगदी गंभीरपणे म्हणाले. त्यांच्या अहवालात फाइलींची संख्या होती, आणि संख्या बरोबर होती. आत काय आहे असा रकाना त्यांच्या कुठल्याच अहवालात नव्हता. मला त्या खोलीतल्या एअर फ्रेशनरचा वास, काचेखालच्या सत्कारांच्या फोटोंची रांग, सगळ्याचा उबग आला. परीक्षा तोंडावर आली होती आणि हे शोभेचा हिशोब मांडत बसले होते.

"सर, मी हे वर्गात मुलांना सांगेन," मी म्हणाले. "वर्तमानपत्रातही सांगेन. ज्या पेपरात फोटो आला, त्याच पेपरात." माझा आवाज चढला होता. दारात तिचे वडील उभे होते, ते चपापले.

प्राचार्यांनी अध्यक्षांना फोन लावला. बराच वेळ "जी, जी" चाललं. फोन ठेवून ते म्हणाले, "अध्यक्ष मोठ्या मनाचे आहेत. म्हणतात, सुधारित आवृत्ती देऊ. उद्या सकाळी सभागृहात, त्यांच्याच हस्ते. म्हणजे मागची चूक असं दिसणार नाही, पुढचं पाऊल दिसेल."

म्हणजे पुन्हा तेच. दहा मिनिटांचं काम, आणि त्यासाठी पोरीनं पुन्हा व्यासपीठावर चढायचं.  मी नकार द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "येते की मी. उद्या येते."

त्या रात्री ती आणि तिचे वडील माझ्या घरी राहिले. शेजारच्या बाईंनी भाकरी आणि शेंगाची चटणी आणून दिली. मी दोनदा तिला म्हटलं, नको जाऊस, मी भांडून पेन ड्राइव्ह आणून देते. ती म्हणाली, "भांडून मिळालं तरी आत काय हाय ते कोन बगणार?" एवढंच बोलून ती जेवत राहिली.

सकाळी सभागृह अर्धं भरलं होतं. तास सोडून मुलांना आणून बसवलं होतं. अध्यक्ष दोन वाक्यं बोलले, त्यातलं एक स्वतःबद्दल. मग त्यांनी पेन ड्राइव्ह पुढे केला, तोंड कॅमेऱ्याकडे. फोटोग्राफर एक गुडघा टेकून तयार झाला. तिनं पेन ड्राइव्ह घेतला, पण फोटोला उभी राहिली नाही. "खुर्ची कुटं हाय?" तिनं विचारलं. कुणाला काही कळेना. मी खुर्ची आणि टेबल पुढे सरकवलं. ती बसली. पिशवीतून लॅपटॉप काढला आणि वडिलांना म्हणाली, "आबा, माईक हितं धरा." वडिलांनी एका हातानं पटका सावरत माइक लॅपटॉपशी धरला.

तिनं आधी वायफाय बंद केलं. यंत्रानं तसं बोलून दाखवलं, सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. मग पेन ड्राइव्ह लावला. प्रकरण एक. एंटर.  सरांवर माझा काडीचा विश्वास उरला नव्हता. पण फाइल उघडली. आणि यंत्र वाचू लागलं. वाक्य, मग वाक्य, मग परिच्छेद, आम्ही टाइप केलेला, आमच्या चुकांसकट. मागच्या रांगेत शेजारच्या बाई उभ्या राहिल्या. त्यांचं प्रकरण होतं ते.

अध्यक्ष अजून कॅमेऱ्याच्या दिशेनं अर्धवट वळून उभे होते, चेहऱ्यावर हसू ताणून धरलेलं. पहिलं पान संपलं तरी ती उठेना. तेव्हा ते वाकून म्हणाले, "उघडलं ना बाळ? झालं ना मग?"

"एक उघडली, सर," ती म्हणाली. "अजून लई हायेत. हुबं रहा." आणि तिनं दुसरी फाइल उघडली.